फोटोतली तुळई आणि चार पर्याय: रिॲक्शन काढण्याआधी आकृती कशी वाचावी

पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षात असो की कनिष्ठ अभियंता पदाच्या परीक्षेच्या तयारीत, तुळईचा प्रश्न आजकाल बहुतेक वेळा फोनवर येतो. कुणीतरी पानाचा फोटो काढलेला असतो, आकृती जरा तिरकी, एका कोपऱ्यात अंगठ्याची सावली, आणि खाली चार पर्याय. विचारलेलं एवढंच असतं: A आणि B या आधारांवर रिॲक्शन किती?

गणित म्हणाल तर दोन ओळींचं आहे. चूक सहसा त्या दोन ओळींत होत नाही, त्यांच्या आधी होते, आकृती वाचताना. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून चुकीचे पर्याय तो हवेतून उचलत नाही. विद्यार्थी आकृती ज्या ज्या प्रकारे चुकीची वाचतात, त्या प्रत्येक वाचनातून येणारं उत्तर तो पर्यायांत मांडून ठेवतो. तेव्हा आपलं उत्तर एखाद्या पर्यायाशी तंतोतंत जुळलं, यावरून ते बरोबर आहे असं ठरत नाही. चुकीचं उत्तरही तितकंच तंतोतंत जुळतं.

हे एका उदाहरणावर पाहू आणि शेवटपर्यंत तेच उदाहरण धरून ठेवू.

आकृतीत काय दिसतंय

एक आडवी तुळई आहे. डाव्या टोकाला A, तिथे त्रिकोणाची खूण, म्हणजे हिंज. उजवीकडे B, तिथे खाली छोटी वर्तुळं, म्हणजे रोलर. तुळई B च्या पुढेही थोडी बाहेर गेली आहे, तो ओव्हरहँग. A पासून काही अंतरापर्यंत वर एकसारखे बाण आहेत आणि त्यांवर "12 kN/m" असं काहीतरी लिहिलंय, पण पहिल्या अंकावर सावली पडल्यामुळे तो 1 आहे की 7 हे नीट कळत नाही. जिथे हे बाण संपतात तिथे तुळईवर एक वळलेला बाण आणि "20 kN·m". त्याच्या पुढे खाली जाणारा एक बाण, "20 kN". अगदी उजव्या मोकळ्या टोकावर आणखी एक, "15 kN". तुळईच्या खाली अंतरं ओळीने लिहिली आहेत: 4 m, 1 m, 1 m, 2 m.

पर्याय असे, सगळे किलोन्यूटनमध्ये:

```
(अ) RA = 33.67   RB = 49.33
(ब) RA = 27      RB = 56
(क) RA = 17      RB = 66
(ड) RA = 3       RB = 44
```

पहिलं काम म्हणजे फोटोकडे बघत बघत गणित न करणं. रफ पानावर एक सरळ रेघ ओढा आणि प्रत्येक गोष्ट A पासून किती मीटरवर आहे ते तिच्यावर लिहा. फोटोत अंतरं तुकड्यातुकड्याने दिलेली असतात, आपल्याला ती A पासूनची लागतात. ही बेरीज एकदाच करून ठेवली की पुढे दर पदाला डोकं लावावं लागत नाही.

```
A पासून (m):   0     4      5      6     8
               A    20kN·m  20kN   B     15kN
               |--12 kN/m--| (0 ते 4)
```

इथे एक फसगत ठरलेली आहे. अंतरं दोन पद्धतींनी दाखवतात. एकीत सलग तुकडे असतात, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना बाण. दुसरीत सगळी मापं A पासूनच मोजलेली असतात आणि एकाखाली एक लांब होत जाणाऱ्या रेघा काढलेल्या असतात. आपल्या आकृतीत 4, 1, 1, 2 असे आकडे आहेत. A पासूनचं अंतर उजवीकडे जाताना कमी होऊच शकत नाही, त्यामुळे 4 नंतर 1 आला तेव्हाच ही तुकड्यांची पद्धत हे नक्की झालं. पण आकडे 2, 3, 5 असे चढते असतील तर ते दोन्ही प्रकारे वाचता येतात. अशा वेळी रेघ कुठून सुरू होते ते फोटो मोठा करून बघण्याला पर्याय नाही.

डोळ्याने अंतर जोखायला मात्र जाऊ नका. फोन तिरका धरला की पानाची लांबची बाजू आखडलेली दिसते, आणि उजवीकडचे 2 मीटर मधल्या 1 मीटरएवढेच भासू शकतात. मूळ छापील आकृतीही बऱ्याचदा प्रमाणात काढलेली नसते. फोटोत भरवशाच्या गोष्टी दोनच: लिहिलेला आकडा, आणि डावीकडून उजवीकडे कशानंतर काय येतं तो क्रम.

यूडीएल, म्हणजे सारखा पसरलेला भार, नेमका कुठे संपतो हे तिरक्या फोटोत ओळखायचं कसं? मूळ आकृतीत त्याचा शेवटचा बाण आणि खालच्या मापाची उभी रेघ एकाच उभ्या ओळीत असतात. फोटो कलला की त्या परिसरातल्या सगळ्या उभ्या रेघा जवळजवळ सारख्याच कलतात. म्हणून नजर सरळ खाली न नेता त्या कलत्या रेघेच्या दिशेने न्यायची, म्हणजे बाण कोणत्या मापाशी संपतो ते सापडतं. आणि यूडीएलमधले बाण मोजायचे नाहीत. तिथे सात बाण असोत की अकरा, ती चित्रकाराची मर्जी. भार ठरतो तो आकड्यावरून आणि लांबीवरून.

एककं बघितल्याशिवाय आकडा उचलू नये

या एकाच आकृतीत तीन एककं आहेत: kN, kN/m आणि kN·m. सावलीत किंवा कापलेल्या कडेला पहिलं बळी जातं ते त्यांचं शेपूट. "12 kN/m" मधलं "/m" गेलं की तो 12 किलोन्यूटनचा साधा भार वाटतो. (ड) हा पर्याय नेमका त्यासाठीच बसवलेला आहे. यूडीएल म्हणजे फक्त 12 किलोन्यूटन, तोही 2 मीटरवर, असं धरलं तर RB 44 येतो आणि RA 3.

खरा अर्थ असा की दर मीटरला 12 किलोन्यूटन. 4 मीटर लांबीवर एकूण 48 किलोन्यूटन. रिॲक्शन काढण्यापुरता हा सगळा भार त्याच्या लांबीच्या मध्यावर, म्हणजे A पासून 2 मीटरवर, एकवटलेला धरता येतो. "त्याच्या लांबीच्या मध्यावर" हे शब्द महत्त्वाचे. तुळईच्या मध्यावर नव्हे, दोन आधारांच्या मध्यावरही नव्हे. आणि ही सूट रिॲक्शनपुरतीच आहे. त्याच प्रश्नात पुढे बेंडिंग मोमेंटची आकृती मागितली असेल तर यूडीएल पुन्हा पसरून घ्यावा लागतो. 48 चा एकच बाण ठेवून मोमेंट काढला तर तो भाराखालच्या भागात खऱ्यापेक्षा जास्त येतो.

भार त्रिकोणी असेल, म्हणजे एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला 12 kN/m, तर एकूण भार निम्मा होतो, 24 किलोन्यूटन. तो उंच टोकापासून एक तृतीयांश अंतरावर धरायचा. इथे उंच टोक कोणतं हे उलटं वाचलं गेलं तर? उंच बाजू A कडे असेल तर A भोवतीचा मोमेंट 24 गुणिले 1.33, म्हणजे 32. उंच बाजू दुसरीकडे असेल तर 24 गुणिले 2.67, म्हणजे 64. 6 मीटरच्या गाळ्यावर RB मध्ये थेट 5.33 किलोन्यूटनचा फरक, आणि एकूण भार मात्र दोन्हीकडे सारखाच. हा सारखेपणा लक्षात ठेवा, तो लगेच कामाला येणार आहे.

सावलीतला अंक पर्यायांतून सोडवता येतो, पण सगळं नाही

आता तो 1 की 7 चा घोळ. तुळईवरचे सगळे भार खाली दाबतात, दोन्ही रिॲक्शन मिळून ते पेलतात. म्हणजे RA आणि RB यांची बेरीज एकूण भाराएवढी असलीच पाहिजे. पर्यायांत दोन्ही रिॲक्शन दिलेल्या असतील तर पेपर काढणाऱ्याने एकूण भार किती धरला हे तो नकळत सांगून गेलेला असतो.

(अ), (ब), (क) यांची बेरीज करा, तिन्हींची 83 येते. त्यातून दोन सुटे भार, 20 आणि 15, वजा केले की 48 उरतात. 48 भागिले 4, म्हणजे 12. अंक 1 च आहे. 72 असता तर यूडीएल एकटाच 288 किलोन्यूटन झाला असता आणि बेरीज 323 यायला हवी होती. (ड) ची बेरीज मात्र 47, बाकी तिघांशी न जुळणारी. वर पाहिल्याप्रमाणे तो 12 ला साधा भार समजणाऱ्यासाठी ठेवलेला आहे, तो इथेच गळला.

ही युक्ती उपयोगाची आहे, पण तिची हद्द ओळखून वापरली तरच. उरलेले तिन्ही पर्याय बेरजेत अगदी बरोबर बसतात, म्हणजे बेरजेने इथून पुढे काहीही ठरणार नाही. वळलेल्या बाणाचा, म्हणजे कपलचा, उभ्या बेरजेत काहीच वाटा नसतो. तो तुळईला फिरवतो, वर किंवा खाली ढकलत नाही. तसंच एखाद्या भाराचं अंतर चुकलं तरी बेरीज ढळत नाही, कारण भार तेवढाच राहतो, फक्त वाटणी बदलते. "RA अधिक RB बरोबर एकूण भार, म्हणजे माझं उत्तर तपासून झालं" असं म्हणणारे पुष्कळ असतात. RB एका समीकरणातून काढून RA वजाबाकीने काढला असेल तर ही बेरीज जुळणारच, RB चुकलेला असला तरी जुळणार. ती तपासणी नव्हे, आपणच केलेली वजाबाकी उलट वाचणं आहे.

पर्यायांत एकटा RB दिला असेल तर ही युक्ती लागूच होत नाही. तेव्हा अंक फोटोतूनच काढावा लागतो. फोटो मोठा करा, उजेड वाढवा, आणि त्याच आकृतीतला दुसरा 1 कसा काढलाय त्याच्याशी ताडून बघा. आपल्या आकृतीत "15 kN" मधला आणि "1 m" मधला 1 त्याच हाताचा आहे.

दोन ओळींचं गणित

A भोवती मोमेंट घ्यायचा. A वरच्या रिॲक्शनचं A पासूनचं अंतर शून्य असल्यामुळे RA समीकरणातून आपोआप जातो आणि एकटा RB अज्ञात उरतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवणारा मोमेंट धन धरू. तुळईवर खाली दाबणारा आणि A च्या उजवीकडे असणारा प्रत्येक भार तिला याच दिशेने फिरवतो. B ने वरच्या दिशेने दिलेला धक्का उलट फिरवतो.

कपलच्या बाणाचं टोक फोटोत घड्याळाच्या दिशेने दिसतंय असं धरू.

```
48 × 2 + 20 × 5 + 15 × 8 + 20 − RB × 6 = 0
96 + 100 + 120 + 20 = 336
RB = 336 / 6 = 56 kN
RA = 83 − 56 = 27 kN
```

पहिल्या ओळीतल्या शेवटच्या 20 कडे बघा. त्याला कशानेही गुणलेलं नाही. कपल स्वतःच मोमेंट आहे, किलोन्यूटन-मीटरमध्ये. तो A पासून 4 मीटरवर आहे म्हणून हात आपोआप "20 × 4" लिहायला जातो. असं केलं तर बेरीज 396 होते आणि RB 66, RA 17. तोच (क).

याचाच दुसरा अर्थ असा की कपल तुळईवर कुठे लावलाय याने रिॲक्शनमध्ये काही बदल होत नाही. तो 4 मीटरवर असो, 1 मीटरवर असो किंवा बाहेर आलेल्या टोकावर, RB 56 च राहतो. त्यामुळे फोटोत कपलची जागा धूसर असेल तर त्यावर वेळ घालवायचा नाही. (बेंडिंग मोमेंटची आकृती काढायची असेल तर मात्र जागा लागते, कारण तिथे ती 20 ने उडी मारते.)

दिशा मात्र लागतेच. कपल उलट वाचला तर बेरीज 96, 100 आणि 120 यांतून 20 वजा होऊन 296 येते, RB 49.33 आणि RA 33.67. तोच (अ). (अ) आणि (ब) मधला निवाडा बेरीज करणार नाही, एकक करणार नाही, आकृतीतल्या त्या वळलेल्या बाणाचं इवलंसं टोक करणार. फोटोत सगळ्यात आधी मोठं करून बघायची जागा तीच. कमान तुळईच्या वर काढली आहे की खाली यावरून दिशा ठरवू नका. वरच्या कमानीचं टोक उजवीकडे असेल तर घड्याळाच्या दिशेने, खालच्या कमानीचं टोक उजवीकडे असेल तर घड्याळाच्या उलट. दोन्हीत टोक "उजवीकडे"च आहे, म्हणून गोंधळ होतो. बोटाने कमानीवरून शेपटाकडून टोकाकडे फिरून बघणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

खरी तपासणी: दुसऱ्या आधाराभोवती

RA वजाबाकीने काढला असेल तर तपासणी B भोवती मोमेंट घेऊन करायची. इथे RB समीकरणात येतच नाही, त्यामुळे आधीची चूक सोबत ओढली जात नाही.

B पासून अंतरं नव्याने: यूडीएलचा 48 हा B च्या डावीकडे 4 मीटर, 20 चा भार डावीकडे 1 मीटर, 15 चा भार उजवीकडे 2 मीटर. डावीकडचे भार तुळईला B भोवती घड्याळाच्या उलट फिरवतात. उजवीकडचा 15 आणि घड्याळाच्या दिशेचा कपल त्यांच्या विरुद्ध, आणि RA चा वरचा धक्काही त्याच विरुद्ध बाजूचा.

```
RA × 6 = 48 × 4 + 20 × 1 − 15 × 2 − 20
       = 192 + 20 − 30 − 20 = 162
RA = 27 kN
```

जुळलं. पर्याय समोर असताना हीच ओळ आणखी वेगाने वापरता येते: 162 ही संख्या काढायची आणि प्रत्येक पर्यायाचा RA सहाने गुणून बघायचा. (ब) 162 देतो. (अ) 202 देतो, (क) 102.

या फरकांतून चुकीचा माग काढता येतो. 202 आणि 162 यांत 40 चा फरक, म्हणजे कपलच्या बरोबर दुप्पट. ज्याचं चिन्ह उलटलं ती गोष्ट समीकरणात नेहमी दुपटीने ढळते, अधिक 20 च्या जागी उणे 20. 162 आणि 102 यांत 60 चा फरक. 80 धरले आणि खरे 20, म्हणजे 60. कपलला 4 ने गुणल्याची सही.

ओव्हरहँगवरच्या भाराचीही अशीच एक चूक आहे, जी या पर्यायांत नाही पण इतर पेपरांत हमखास असते. मोमेंट A भोवती घेताना 15 च्या भाराचं अंतर 8 न लिहिता 2 लिहिलं जातं, कारण आकृतीत त्याच्या शेजारी "2 m" लिहिलेलं असतं. मग 120 च्या जागी 30 येतात, RB 41 आणि RA 42. बेरीज 83, एकदम निर्दोष. A पासूनची अंतरं आधी रफ पानावर लिहून ठेवण्याचा आग्रह आहे तो याचसाठी.

हिशेब न करता अंदाज

प्रत्येक भार स्वतंत्रपणे दोन आधारांवर कसा वाटला जातो हे बघितलं तर उत्तराचा चेहरा आधीच दिसतो. यूडीएलचे 48 हे A पासून 2 आणि B पासून 4 मीटरवर. जवळच्याला जास्त, म्हणून A ला 32 आणि B ला 16. मधल्या 20 पैकी B ला 16.67, A ला 3.33. टोकावरचा 15 B च्या पलीकडे आहे, तो B ला 20 देतो आणि A ला उणे 5, म्हणजे A ला उचलतो. सी-सॉच्या एका टोकावर बसलं की दुसरं वर जातं, तेच. घड्याळाच्या दिशेचा कपल उजवा आधार 3.33 ने जास्त दाबतो आणि डावा तेवढाच हलका करतो. चारही ओळी मिळवल्या की A ला 27 आणि B ला 56.

दिशेबद्दल शंका आली की हे चित्र डोळ्यापुढे आणावं: तुळई घड्याळाच्या काट्यासारखी फिरू पाहते, तर उजवं टोक खाली जाणार, म्हणजे उजवा आधार जास्त दाबला जाणार. आपल्या हिशेबात कपल घड्याळाच्या दिशेने असूनही त्याने RB कमी केला असेल, तर चिन्ह नक्की चुकलंय.

ऋण रिॲक्शन आली की मुलं घाबरून चिन्ह पुसून टाकतात. ती दर वेळी चूक नसते. या तुळईत टोकावरचा भार 96 किलोन्यूटन असता तर RA शून्य झाला असता, त्याहून जास्त असता तर ऋण, म्हणजे A च्या हिंजला तुळई खाली धरून ठेवावी लागली असती. पण टोकावर 15 असताना RA ऋण येत असेल तर आकडा पुन्हा बघा. दशांश चिन्ह फोटोत पुसट असतं, आणि "15.0" चा 150 होतो. तसं झालं तर RA उणे 18 आणि RB 236 येतात.

आधाराची खूण कधी महत्त्वाची, कधी नाही

फोटोत त्रिकोण आणि वर्तुळं एकमेकांसारखी दिसतात. आपल्या उदाहरणात सगळे भार उभे आहेत, त्यामुळे हिंज A ला आणि रोलर B ला की उलट, याने 27 आणि 56 मध्ये काही फरक पडत नाही. तिरका भार असेल तर पडतो. 20 चा बाण तुळईशी 60 अंशांत असता तर त्याचा उभा भाग 17.32 आणि आडवा भाग 10 किलोन्यूटन. हा आडवा 10 पेलणार फक्त हिंज, रोलर नाही. मग "A वरची एकूण रिॲक्शन" विचारली असेल तर हिंज कुठे आहे ते नीट वाचलंच पाहिजे. कोन तुळईपासून मोजलाय की उभ्या रेषेपासून हेही बघावं लागतं. उभ्यापासून 60 अंश असेल तर दोन आकड्यांची अदलाबदल होते.

रोलरखालची जमीन तिरकी दाखवलेली असेल तर काम आणखी वाढतं. रोलर नेहमी आपल्या पृष्ठभागाला काटकोनातच धक्का देतो. जमीन 30 अंशांनी कललेली असेल तर B चा उभा भाग 56 च राहतो, पण पूर्ण रिॲक्शन 56 भागिले cos 30°, म्हणजे 64.66, आणि तिचा 32.33 एवढा आडवा भाग A च्या हिंजला पेलावा लागतो, एकही आडवा भार नसताना. तिरक्या फोटोत सपाट जमीनही कललेली दिसते, म्हणून ती फोटोच्या कडेशी न ताडता तुळईच्या रेघेशी ताडायची. दोन्ही समांतर असतील तर जमीन सपाट आहे. खरी कललेली असती तर प्रश्न काढणाऱ्याने शेजारी कोन लिहिला असता.

एक खूण मात्र गणितच बदलते. डाव्या टोकाला त्रिकोण नसून भिंतीच्या तिरप्या रेघा असतील आणि उजवीकडे रोलरही असेल, तर अज्ञात चार होतात: भिंतीवरची आडवी रिॲक्शन, उभी रिॲक्शन, मोमेंट, आणि रोलरची रिॲक्शन. समतोलाची समीकरणं तीनच. वरच्या दोन ओळींनी तो प्रश्न सुटत नाही, तिथे तुळईचं वाकणं हिशेबात घ्यावं लागतं. अभियांत्रिकी यांत्रिकीच्या पेपरात असा प्रश्न दिसला तर बहुधा त्रिकोणालाच तुम्ही भिंत समजलात, किंवा तुळईत मध्ये कुठेतरी एक छोटं वर्तुळ आहे, जोडाचा हिंज, आणि तो फोटोत ठिपका म्हणून सुटलाय.

उत्तर एकाही पर्यायात नसेल तर

समजा RA 30 आणि RB 65 आले. पर्यायांत असं काहीच नाही. सगळं पुन्हा मांडण्याआधी दोन वजाबाक्या करा. आपली बेरीज 95, पर्यायांची 83, फरक 12. भारांत 12 चा थेट फरक कशाने येईल? यूडीएलच्या बरोबर एक मीटरने. तो 4 ऐवजी 5 मीटरपर्यंत धरला गेलाय का ते बघा. मोमेंटच्या बाजूनेही हे पडताळता येतं: 65 गुणिले 6 म्हणजे 390, खरे 336, फरक 54. आणि 4 ते 5 मीटरमधल्या 12 किलोन्यूटनचा A भोवतीचा मोमेंट 12 गुणिले 4.5, म्हणजे बरोबर 54. आता फोटो पुन्हा उघडायचा तो फक्त एकाच जागी, जिथे यूडीएलचा शेवटचा बाण, कपलची कमान आणि 4 m च्या मापाची रेघ एकमेकांत मिसळल्या आहेत.

बेरीज जुळते पण वाटणी जुळत नाही, असं असेल तर भारांचे आकडे बरोबर आहेत. मग दोष अंतरांत किंवा कपलमध्ये शोधायचा. आपला RB आणि बेरजेत बसणाऱ्या प्रत्येक पर्यायातला RB यांतला फरक 6 ने गुणायचा. गुणाकार 40 आला तर कपलची दिशा, 20 आला तर कपल विसरलाच गेलाय, 90 आला तर टोकावरच्या 15 चं अंतर 8 ऐवजी 2 धरलंय.

यांपैकी काहीच बसत नसेल तर फोटोची कड बघा. उजवीकडे ओव्हरहँगच्या पुढे आणखी एखादा भार किंवा माप कापलं गेलेलं असू शकतं. मापाच्या शेवटच्या रेघेला फक्त डाव्या टोकाला बाण आहे आणि उजवा बाण दिसतच नाही, हे त्याचं लक्षण. मग पूर्ण पानाचा नवा फोटो मागवायचा.